घड्याळाची चेन आणि मनगटाचा घेर

स्टीलची चेन असलेले नवे घड्याळ घेतले की त्याच्या कड्या काढणे हा खरेदीचाच भाग असतो. काउंटरमागचा माणूस घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात चढवतो, लॉकजवळ चेन चिमटीत धरून जास्तीची लांबी अजमावतो, तीन-चार कड्या काढतो आणि पुन्हा हातात घालून करंगळी आत सरकते का ते पाहतो. करंगळी गेली की काम झाले. पाच-दहा मिनिटांत उरकणाऱ्या या कामात एक गृहीत धरलेले असते, ते असे की मनगटाला एक ठरलेले माप आहे आणि त्यात थोडी मोकळीक मिळवली की चेनचे माप निघते. हे गृहीतच चुकीचे आहे. मनगटाचा घेर दिवसभर बदलत राहतो. त्यामुळे मोकळी जागा म्हणजे मापावर घातलेली वरकड भर नसून मनगटाच्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या घेरामधले अंतर असते. तसे पाहिले तर किती कड्या काढायच्या हा प्रश्न दुय्यम ठरतो. त्या काढल्यानंतर लॉकमध्ये पुढेमागे करायला किती जागा उरते, हे अधिक महत्त्वाचे आहे.

घेर मोजायचा तो घड्याळ जिथे बसते तिथे, म्हणजे करंगळीच्या बाजूने वर आलेल्या हाडाच्या किंचित मागे, कोपराकडच्या अंगाला. तिथे कागदाची अरुंद पट्टी त्वचेला लागेल पण रुतणार नाही अशी गुंडाळावी, जिथे टोक टेकते तिथे खूण करावी आणि पट्टी फूटपट्टीवर ठेवून मोजावी. हे मोजमाप सकाळी उठल्यावर करावे आणि उन्हातून चालून आल्यावर पुन्हा करावे. आकडा बहुधा काही मिलिमीटरांनी वाढलेला दिसतो. उष्णतेने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हात बराच वेळ खाली लोंबत राहिला की द्रव खाली उतरतो, खारट जेवणानंतर शरीर पाणी धरून ठेवते. मूठ आवळली किंवा हात मागे वाकवला की स्नायूबंध वर येतात आणि घेर क्षणभर आणखी वाढतो. कोकणात किंवा मुंबईत मे महिन्याच्या दुपारी जी चेन रुतते, तीच जानेवारीच्या पहाटे नाशिकला तळहाताकडे घसरते. यात चेनचा काही दोष नसतो, तिचे माप एकाच घटकेला घेतलेले असते एवढेच.

आता करंगळीची कसोटी. तिला खोटी म्हणता येणार नाही, पण ती जे मोजते असे वाटते ते ती मोजत नाही. वर्तुळाची लांबी १० मिलिमीटरने वाढवली तर त्याचा व्यास जेमतेम ३ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे घेरापेक्षा पूर्ण एक सेंटिमीटर मोठी चेन घातली, तरी हात सरळ धरल्यावर मनगटाखाली साधारण तीनच मिलिमीटरची फट दिसते. करंगळी त्याहून कितीतरी जाड असते, तरी ती आत जाते, कारण मनगटाचे मांस दबते आणि कड्यांची साखळी गोल न राहता बोटाभोवती वर उचलली जाते. म्हणून ही कसोटी जागेइतकीच मांस किती दबते आणि बोट किती जाड आहे यांचीही परीक्षा घेते. हाडकुळ्या आणि भरलेल्या मनगटावर ती सारखा निकाल देणार नाही. दुकानात शेवटची खात्री म्हणून ती ठीक आहे, माप ठरवण्यासाठी ती पुरत नाही.

कागदाच्या पट्टीवरचा आकडाही तसाच्या तसा चेनला लावता येत नाही. चेन टेबलावर सपाट पसरून मोजली तर येणारी लांबी आणि बंद चेनचा आतला घेर यांत फरक पडतो, कारण कड्या जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात त्या पिना कडीच्या जाडीच्या मध्यावर असतात. कडी ३ मिलिमीटर जाड असेल तर पिनांची रेषा आतल्या पृष्ठभागापासून दीड मिलिमीटर बाहेर राहते, आणि गोलाईत त्याचे जवळपास साडेनऊ मिलिमीटर होतात. एवढ्या लांबीत एक अख्खी कडी बसते. सपाट मोजून ऑनलाइन मागवलेली चेन ‘एका कडीने घट्ट’ निघते ती अनेकदा यामुळे. दुसरी गोष्ट घड्याळाच्या डोक्याची, म्हणजे डायल असलेल्या भागाची. तो भाग वाकत नाही. चपट्या मनगटाच्या रुंदीला पुरून उरेल एवढे मोठे डोके असेल तर दोन्ही कडांना चेन त्वचेला न टेकता खाली उतरते आणि त्याच मनगटाला जास्त लांबी लागते. म्हणून बंद केलेल्या चेनच्या आतून कागदाची पट्टी फिरवून तिचा आतला घेर घेणे हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि एका घड्याळाचे माप दुसऱ्याला लावू नये.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. मनगट सकाळी १६५ मिलिमीटर भरते आणि गरम दुपारी १७०. मूठ आवळण्यासाठी आणि घाम सुकायला हवा खेळण्यासाठी दुपारच्या मापावर आणखी पाचेक मिलिमीटर धरले, तर चेनचा आतला घेर १७५च्या आसपास हवा. नव्या चेनचा आतला घेर लॉकची पिन सर्वांत घट्ट भोकात असताना २०७ आहे. एका कडीने लांबी ९ मिलिमीटरने कमी होते. लॉकच्या कडेला चार बारीक भोके आहेत, त्यांच्यात ३-३ मिलिमीटरचे अंतर. तीन कड्या काढल्या तर घेर १८० उरतो. तो पाच मिलिमीटर जास्त, आणि पिन आधीच घट्ट टोकाला असल्याने आणखी आवळायला वावच नाही. हिवाळ्याच्या सकाळी या हाताला तो पंधरा मिलिमीटर सैल पडेल. चार कड्या काढल्या तर १७१ येतो, जो दुपारच्या हाताला घट्ट आहे. पण इथून पिन एका भोकाने सोडली की १७४, दोन भोकांनी १७७, तीन भोकांनी १८०. उन्हाळ्यात १७७ आणि थंडीत १७४ ठेवता येतो, शिवाय दोन्ही टोकांना एकेक भोक शिल्लक राहते. तीन कड्या काढलेली चेन दुकानात हातात घातल्यावर अधिक आरामदायी वाटेल, तरी बरोबर उत्तर चार कड्या हेच आहे.

त्या चार कड्या कोणत्या बाजूच्या? बंद घड्याळाचे लॉक मनगटाच्या खालच्या बाजूला मधोमध यायला हवे. डाव्या हातात घातलेल्या घड्याळाची सहाच्या आकड्याकडची बाजू अंगठ्याकडे येते आणि बाराकडची करंगळीच्या हाडाकडे. डायल मधोमध असताना लॉक अंगठ्याकडे सरकलेले दिसले तर सहाकडची बाजू आखूड झाली आहे असे समजावे आणि बाराकडची एक कडी तिकडे द्यावी. सुरुवातीला लॉक मधोमध असेल तर दोन्हींकडून दोन-दोन कड्या काढाव्यात. कड्यांच्या आतल्या अंगावर बाण कोरलेले असतात. पिन बाणाच्या दिशेने बाहेर ढकलायची आणि परत बसवताना उलट बाजूने घालायची, टोकाला चिरलेली पिन असेल तर चिरलेले टोक शेवटी आत जाईल अशी. काही चेनमध्ये पिनेभोवती इवलीशी नळी असते, ती टेबलावर घरंगळून हरवली की पिन धरणार नाही. काम झाल्यावर पिनेचे टोक बोटाला लागता कामा नये. लागत असेल तर ती पुरती बसलेली नाही आणि कधीतरी निघणार.

यावर पहिला आक्षेप असा येईल की एवढी काटेकोरता कशाला, घड्याळ सैलच छान दिसते. बांगडी सैल असतेच, तिचे कुणाला काही वाटत नाही. पण बांगडीचे माप मनगटावरून घेतच नाहीत. ती पंजावरून चढायला हवी म्हणून पंजा ठरवतो ते माप, आणि अडीचची बांगडी मनगटावर फिरली तरी काही बिघडत नाही, कारण ती सगळीकडे सारखीच असते. घड्याळाचे वजन एका बाजूला एकवटलेले असते. चेन सैल असली की ते डोके खाली कलंडते, मुकुट, म्हणजे चावी देण्याचे बटण, हाताच्या पाठीत रुततो आणि हात हलेल तशी प्रत्येक कडी पिनेवर घासत राहते. त्यात घाम आणि धूळ मिसळून खरखरीत लेप तयार होतो आणि तो पिना आणि भोके झिजवतो. जुनी चेन ‘ताणली गेली’ असे म्हणतात तेव्हा धातू लांबलेला नसतो, ही झीज साचलेली असते. घड्याळ आडवे, डायल बाजूला तोंड करून धरावे. कड्या सरळ न राहता खाली वाकून लोंबल्या तर झीज बरीच झाली आहे. घट्टपणाची खूणही तितकीच सोपी आहे: घड्याळ काढल्यावर कड्यांचा ठसा बराच वेळ त्वचेवर राहत असेल तर चेन आवळलेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हृदयाचे ठोके मोजणाऱ्या घड्याळांना तर फट चालतच नाही. खालच्या दिव्याचा हिरवा प्रकाश त्वचेतून परत येतो तो संवेदकाला मिळावा लागतो. फट राहिली की बाहेरचा उजेड शिरतो आणि आकडे भरकटतात. हे खरे आहे. पण याच घड्याळांचे निर्माते व्यायामापुरते आवळा आणि नंतर सैल करा असे सांगतात, आणि त्यांचे रबरी किंवा चिकटपट्टीचे पट्टे त्यासाठीच बारीक टप्प्यांत बदलता येतात. म्हणजे इथेही एक कायमचे माप मानलेले नाही. ॲपलने २०२० साली बकल नसलेला ताणणारा पट्टा आणला तेव्हा त्याला बारा मापे द्यावी लागली, कारण बदलायची सोय पट्ट्यातून काढली की ती मापांच्या संख्येत भरून काढावी लागते. उलट रोलेक्सच्या पाणबुडी घड्याळांतील ग्लाइडलॉक लॉक अवजाराशिवाय २ मिलिमीटरच्या टप्प्यांनी सुमारे २० मिलिमीटरपर्यंत वाढते. ते पाणबुड्याच्या पोशाखावरून घड्याळ घालता यावे म्हणून केले, पण उन्हाळ्याच्या दुपारी त्यातले दोन-तीन टप्पेच कामी येतात. चेन निवडताना चमक आणि वजन पाहिले जाते. त्याआधी लॉक उघडून त्याच्या कडेची भोके मोजावीत. अलीकडच्या काही देखण्या लॉकना एकही भोक नसते, आणि अशा चेनला अर्धी कडी मिळते का हे पैसे देण्याआधीच विचारावे लागते. अर्धी कडी साधारण ५ मिलिमीटरची असते. ती एका अख्ख्या कडीच्या जागी घातली की अधले माप मिळते, पण ऋतू पालटला की पुन्हा अवजार हाती घ्यावे लागते.

काढलेल्या कड्या पिनांसकट घड्याळाच्या डबीत ठेवाव्यात. मॉडेल बंद झाले की तीच रुंदी आणि तीच झळाळी असलेली कडी बाजारात सापडत नाही, आणि वजन वाढले किंवा घड्याळ घरातल्या दुसऱ्याच्या हातात गेले की त्या लागतातच.