एकदाच ऐकू येणारं वाक्य

रात्रीचे पावणेअकरा वाजलेत. घरातल्या आजींना पहाटेची गाडी गाठायची आहे. दिवा मालवता मालवता त्या कोपऱ्यातल्या स्मार्ट स्पीकरला सांगतात, “पावणेसहाचा गजर लाव.” स्पीकर उत्तर देतो आणि घर शांत होतं. आता पहाट नीट उजाडणार की नाही, हे त्या एका उत्तरावर अवलंबून आहे. गजर चुकीच्या वेळेचा लागला असेल, तर ते कळायची हीच एक वेळ.

स्पीकरची अशी उत्तरं कोणीतरी बसून लिहिलेली असतात. मी तेच काम करते. नवीन माणूस या कामावर आला की त्याचा पहिला मसुदा साधारण असा येतो : “आपली विनंती यशस्वीरीत्या स्वीकारण्यात आली आहे. आपण सांगितल्यानुसार दिनांक पंधरा जून रोजी पाच वाजून पंचेचाळीस मिनिटांनी वाजणारा गजर निश्चित करण्यात आला आहे. गजर बदलण्यासाठी ‘गजर बदल’ आणि रद्द करण्यासाठी ‘गजर रद्द कर’ असे म्हणा.”

शब्द चौतीस. कागदावर यात व्याकरणाची चूक नाही. कागदावर डोळा मागे फिरतो, नको ते गाळतो, तारखेवर थांबतो. कानाला यातलं काहीच करता येत नाही. वाक्य ज्या वेगानं येईल त्या वेगानं घ्यायचं, आणि शेवटी जे आलं त्यानं आधीचं पुसलं जातं. इथे शेवटी आलंय ‘रद्द कर’. वेळ कुठेतरी मधे बुडाली. शिवाय एवढं बोलूनही पाच पंचेचाळीस सकाळचे की संध्याकाळचे, हे सांगायचं राहिलंच.

अमेझॉननं अलेक्सासाठी लिहिणाऱ्यांना एक सोपी कसोटी दिली आहे : उत्तर मोठ्यानं म्हणा, एका श्वासात संपलं नाही, तर ते लांब आहे. वरचा मसुदा दुसऱ्या वाक्यातच दम काढतो. पण नुसतं आखूड करून भागत नाही. “ठीक आहे” हे सर्वांत आखूड उत्तर, आणि इथे सर्वांत घातक. यंत्रानं ‘पावणेसहा’ऐवजी ‘साडेसहा’ ऐकलं असेल, तरी ते “ठीक आहे” असंच म्हणेल. म्हणून काटछाट करताना आम्ही एकच प्रश्न विचारतो : यंत्राच्या ऐकण्यात चूक झाली असेल, तर ती कुठे झाली असेल? तेवढा शब्द उत्तरात राहिला पाहिजे. गजर लावायला सांगितलाय हे आजींना ठाऊकच आहे. त्यांना तपासायची आहे ती वेळ.

आता ती वेळ कोणत्या शब्दांत सांगायची? आजी ‘पावणेसहा’ म्हणाल्या, तर उत्तरातही पावणेसहाच हवं. ‘पाच पंचेचाळीस’ म्हटलं की झोपेला आलेल्या माणसाला मनात बेरीज-वजाबाकी करावी लागते. मसुद्यात 5:45 असे आकडे लिहिले, तर ते कसे वाचायचे हे यंत्र ठरवतं; म्हणून वेळ अक्षरांतच लिहावी.

पावणे, सव्वा, साडे यांची एक अडचण मात्र आहे. कान ‘सहा’ पकडतो आणि त्याआधीचा भाग घाईत निसटतो. यंत्राचीही इथेच गल्लत होते. आपण नीट ऐकलं की नाही अशी त्याला शंका असेल, तर सरळ विचारावं : “पावणेसहा, की साडेसहा?” दोन्ही शेजारी आले की फरक असलेल्या भागावर आपोआप जोर पडतो, आणि उत्तर एका शब्दात देता येतं. “पावणेसहाचा लावू, की साडेसहाचा लावू?” असं लिहिलं, तर माणूस ‘लावू’ ऐकताच “हो” म्हणून मोकळा होतो, आणि त्या ‘हो’चा काही उपयोग नसतो. प्रश्नानंतर एक शब्दही बोलायचा नाही, हाही नियम कडक आहे. प्रश्न ऐकला की माणूस बोलायला लागतो, आणि यंत्र अजून बोलतच असतं.

दुसरी अडचण आपल्या वाक्यरचनेची. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. “उद्या पहाटे पावणेसहाचा गजर लावता आला नाही” या वाक्यात पहिले सहा शब्द होकाराचेच वाटतात. आजी कूस बदलतात, पांघरूण सरसर वाजतं, आणि नेमका ‘नाही’ हरवतो. म्हणून नकाराचं वाक्य तोकडं करायचं, म्हणजे ‘नाही’ लवकर येतो : “गजर लागला नाही. वेळ पुन्हा सांगा.” होकारातही तीच युक्ती. आधी काम झाल्याचं सांगायचं, मग वेळ : “गजर लावलाय. पहाटे पावणेसहाला.” क्रियापदानंतर महत्त्वाची गोष्ट सांगायची ही ढब आपल्या बोलण्यात रोजचीच आहे : “आलाय तो, कालच.” शेवटचा शब्द कानात रेंगाळतो, आणि तो वेळेचाच असतो.

‘लावलाय’चा आणखी एक फायदा आहे. ‘मी लावते’ म्हटलं की यंत्र बाई होतं, ‘लावतो’ म्हटलं की पुरुष. ‘लावलाय’ गजराच्या लिंगाप्रमाणे चालतं, त्यामुळे तो प्रश्नच उरत नाही. आजी यंत्राला ‘लाव’ म्हणतात, ते बरोबर. यंत्रानं मात्र ‘सांगा’च म्हणावं, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला अरेतुरे ऐकायला कोणालाच बरं वाटत नाही.

मसुदा झाला की तो एकाला एकदाच वाचून दाखवायचा. ऐकणाऱ्यानं पाठ फिरवून बसायचं, पंखा चालू ठेवायचा, अर्ध्या मिनिटानं त्याला काय कळलं ते विचारायचं. एका मसुद्यात मी हौसेनं जोड दिली होती : “गजर लावलाय. पहाटे पावणेसहाला. आणखी सात तासांनी वाजेल.” सकाळ-संध्याकाळची चूक यातून लगेच उघडी पडेल, असा माझा हिशेब होता. ऐकणाऱ्या बाई म्हणाल्या, “सातचा गजर ना?” एका उत्तरात दोन आकडे आले आणि मागच्यानं पुढच्याला गिळलं. सकाळ-संध्याकाळचा गोंधळ मिटवायला ‘पहाटे’ पुरेसं होतं.

‘उद्या’ही त्याच कसोटीत गळला. पावणेअकराला तो ठीक आहे, पण हेच वाक्य रात्री साडेबाराला बोललं, तर कॅलेंडरच्या हिशेबानं तो दिवस आजचा. जागा असलेला माणूस मात्र त्याला उद्याच म्हणतो. जवळची पहाट एकच असते. नुसतं ‘पहाटे’ म्हटलं की दोघांचंही जमतं. परवाचा गजर असेल, तर मात्र वारच सांगायचा, कारण मराठीत ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही.

शेवटी यंत्राला मिळतं ते एवढंच. मधल्या खुणेचा अर्थ, सेकंदाचा तीनदशांश भाग थांब :

```
<speak>
गजर लावलाय. <break time="300ms"/> पहाटे पावणेसहाला.
</speak>
```

चौतिसातले चार शब्द उरले. त्या छोट्या विरामात आजी पांघरूण ओढायच्या थांबतात, वेळ ऐकतात, आणि ती चुकलेली असेल तर “अगं, साडे नाही, पावणे!” म्हणायला अजून जाग्या असतात.