गोळी नेमकी कशाने निकामी होते?

अमॉक्सिसिलिन किंवा अझिथ्रोमायसिनसारख्या नेहमीच्या अँटिबायोटिक्समुळे ‘माला-एन’ निष्प्रभ होत नाही. ही भीती जुनी, पण निराधार. खरा अपवाद क्षयरोगावरील रिफाम्पिसिनचा. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयासह सरकारी दवाखान्यांतून साध्या क्षयरोगासाठी ते सहसा सहा महिने रोज दिले जाते. त्यामुळे यकृतातील विकरे वाढतात आणि गोळीतील संप्रेरके लवकर नष्ट होतात. औषध थांबल्यावरही हा परिणाम सुमारे चार आठवडे टिकतो. तोवर तांबी हा भरवशाचा पर्याय. फिटवरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांचेही तसेच.

उलटीचे गणित वेगळे: गोळीनंतर दोन-तीन तासांत उलटी झाल्यास लगेच दुसरी घ्यावी. जोराच्या उलट्या-जुलाब दोन दिवसांहून अधिक चालल्यास गोळ्या चुकल्या असे धरून निरोधही वापरावा.