एका रेघेचे तर्कशास्त्र

जिन्यातल्या दिव्याला दोन बटणे असतात, एक खाली आणि एक वर. कोणतेही एक दाबा, पेटलेला दिवा विझतो आणि विझलेला पेटतो. तर्कशास्त्राच्या भाषेत हे असे मांडता येते: ‘खालचे बटण वर आहे’ हे विधान क, ‘वरचे बटण वर आहे’ हे विधान ख. या दोन्हींपैकी नेमके एकच खरे असेल तेव्हा दिवा लागतो. दोन्ही खरी किंवा दोन्ही खोटी असली की अंधार. दिवा लागेल की नाही, हे कळायला क आणि ख यांचा खरेखोटेपणा तेवढा ठाऊक असला की पुरते.

‘आणि’, ‘किंवा’, ‘जर-तर’ हे शब्द तर्कशास्त्रात अशाच अर्थाने वापरतात. त्यांना संयोजक म्हणतात. दोन विधानांच्या खऱ्याखोट्याच्या जोड्या चारच होतात: दोन्ही खरी, फक्त पहिले खरे, फक्त दुसरे खरे, दोन्ही खोटी. या चार ओळींपुढे ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असा निकाल लिहिला की संयोजकाचे सत्यता कोष्टक तयार होते. प्रत्येक ओळीला दोन पर्याय, म्हणून एकूण कोष्टके सोळा. तीन किंवा चार विधाने घेतली तर हा आकडा झपाट्याने वाढतो. मग प्रश्न पडतो की या सगळ्यांसाठी मुळात किती संयोजक लागतात?

‘आणि’, ‘किंवा’ आणि ‘नाही’ एवढे तीन नक्की पुरतात. दिव्याचेच कोष्टक घ्या. त्यात ‘खरे’ असा निकाल दोन ओळींत येतो. पहिल्या ओळीचे वर्णन ‘क आणि ख नाही’ असे करता येते, दुसरीचे ‘क नाही आणि ख’ असे. ही दोन वर्णने ‘किंवा’ने जोडली की दिव्याचे पूर्ण सूत्र मिळते. कोष्टक कितीही मोठे असो, कृती हीच: खऱ्या ओळी निवडायच्या, प्रत्येकीचे वर्णन लिहायचे आणि सगळी वर्णने ‘किंवा’ने जोडायची. एकही ओळ खरी नसेल तर ‘क आणि क नाही’ असे कधीच खरे न होणारे विधान लिहायचे. ज्या संचातून अशी सर्व कोष्टके बांधता येतात, त्या संचाला पूर्ण म्हणतात.

आता हे तीनही एकाच संयोजकातून काढता येतात का, ते पाहू. त्या संयोजकाचे नाव नँड. त्याचा अर्थ ‘दोन्ही एकदम खरी नाहीत’. क आणि ख दोन्ही खरी असतील तेव्हाच तो खोटा ठरतो, उरलेल्या तिन्ही ओळींत खरा. तो उभ्या रेघेने लिहितात: क|ख.

पहिली युक्ती म्हणजे दोन्ही बाजूंना तेच विधान ठेवणे. क|क म्हणजे ‘क आणि क दोन्ही खरी नाहीत’, अर्थात ‘क नाही’. नकार हाती आला की पुढचे सोपे होते. क|ख हा ‘आणि’चाच नकार आहे. त्याला पुन्हा नाकारले की ‘आणि’ परत मिळतो. ‘किंवा’साठी आधी दोन्ही विधाने नाकारायची आणि मग त्यांच्यामध्ये रेघ ठेवायची: ‘दोन्ही नकार एकदम खरे नाहीत’ म्हणजे दोहोंपैकी निदान एक विधान खरे आहे.

```
क नाही       =  क|क
क आणि ख      =  (क|ख)|(क|ख)
क किंवा ख     =  (क|क)|(ख|ख)
जर क तर ख    =  क|(ख|ख)
```

शेवटची ओळ तपासून पाहा. ती खोटी ठरायला क खरे हवे आणि ख खोटे हवे, आणि ‘जर-तर’ नेमका तिथेच मोडतो. तीन संयोजक मिळाले म्हणजे सगळी कोष्टके मिळाली.

दिव्याचे सूत्र मात्र या कृतीने लांबलचक होते. त्याला एक आखूड वाट आहे:

```
ग = क|ख
घ = क|ग
च = ख|ग
दिवा = घ|च
```

क खरे आणि ख खोटे असेल तर ग खरे, घ खोटे, च खरे, म्हणून दिवा लागतो. दोन्ही खरी असतील तर ग खोटे, घ आणि च दोन्ही खरी, म्हणून दिवा विझतो. एकूण चार रेघा लागल्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीच्या ७४०० या चिपमध्ये नँडची चारच गेट्स असतात, त्यामुळे हे मंडळ एका चिपमध्ये बसते. पण कागदावर नसलेली एक अडचण तिथे येते. प्रत्येक गेटला उत्तर द्यायला साधारण १० नॅनोसेकंद लागतात. क आणि ख दोन्ही एकाच क्षणी खोट्याची खरी झाली, तर ग बदलेपर्यंत घ आणि च जुन्या ग वरच निकाल काढतात आणि क्षणभर चुकीचे ‘खरे’ बाहेर पडते. दिव्याच्या बाबतीत ते डोळ्याला दिसणारही नाही, पण पुढे जोडलेला मोजणी करणारा भाग ते मोजू शकतो.

नँडसारखे एकटे पुरणारे आणखी किती संयोजक आहेत? उत्तर दोन ओळींतून मिळते. क आणि ख दोन्ही खरी असताना एखादा संयोजक ‘खरे’ म्हणत असेल, तर त्याच्यापासून बांधलेले कोणतेही सूत्र सगळी विधाने खरी असताना खरेच राहणार. मग ‘नाही’ कधीच निघणार नाही. म्हणूनच ‘आणि’, ‘किंवा’ आणि ‘जर-तर’ तिघे मिळूनही अपुरे पडतात. त्याच न्यायाने दोन्ही खोटी असताना निकाल ‘खरे’ हवा. दोन ओळी अशा ठरल्या की उरलेल्या दोन ओळींसाठी चार शक्यता राहतात. त्यांपैकी दोन म्हणजे निव्वळ ‘क नाही’ आणि ‘ख नाही’: दुसऱ्या विधानाकडे न बघणारे संयोजक. उरतात दोघेच, नँड आणि ‘दोन्ही नाहीत’ असे सांगणारा नॉर.

अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ चार्ल्स पर्स यांना हे १८८०च्या सुमारास उमगले होते, पण त्यांचे टिपण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. हेन्री शेफर यांनी १९१३मध्ये स्वतंत्रपणे हेच मांडले, म्हणून रेघ त्यांच्या नावाने ओळखली जाते. गंमत अशी की शेफर यांच्या निबंधात पुढे केलेला संयोजक नॉर होता. रेघेला नँडचा अर्थ चिकटला तो नंतर. १९१७मध्ये ज्याँ निकोद यांनी नँड वापरून विधानांचे सारे तर्कशास्त्र एकाच गृहीतकावर उभे केले. पुढे चंद्रावर माणसे नेणाऱ्या अपोलो यानांतल्या संगणकाची तर्कमंडले केवळ नॉर गेट्सची होती.

एक मर्यादा मात्र नँडला ओलांडता येत नाही. ‘पाऊस पडला म्हणून सामना रद्द झाला’ हे वाक्य घ्या. पाऊस खरोखर पडला असेल आणि सामनाही रद्द झाला असेल, तरी वाक्य खोटे असू शकते. सामना कदाचित खेळाडूंच्या संपामुळे रद्द झाला असेल. दोन्ही भाग खरे असूनही निकाल कधी खरा, कधी खोटा येतो, त्यामुळे ‘म्हणून’चे कोष्टकच मांडता येत नाही. नँडची पूर्णता कोष्टकांपुरती आहे. ज्या शब्दाला कोष्टक नाही, तो कितीही रेघा ओढल्या तरी त्यांतून निघणार नाही.