स्नेहसंमेलनातील छायाचित्राखालची ओळ

प्राथमिक शाळांची स्नेहसंमेलने बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत भरतात. बीड जिल्ह्यातील अनेक गावांत नेमका हाच काळ घरे कुलूपबंद असण्याचा असतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस गेलेल्या टोळ्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहून शाळा करतात. अशा मुलाचा रंगमंचावरील प्रवेश आईवडिलांना पाहावयास मिळतो तो दूरच्या फडाजवळील कोपीत, मोबाइलवर आलेल्या एका छायाचित्रात. त्याखाली शिक्षकाने लिहिलेली ओळ हाच त्यांच्यापुरता साऱ्या कार्यक्रमाचा वृत्तान्त होय. तेच छायाचित्र शाळेच्या फलकावर लागले म्हणजे ते मूल येता-जाता ती ओळ वाचते, आणि त्याच्या शेजारी बसणारी मुलेही वाचतात.

सामान्यतः तेथे ‘शाळेतील सर्वोत्कृष्ट अभिनय’, ‘सर्वांना मागे टाकणारी आमची बालकलाकार’ अशा ओळी आढळतात. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु मुलीने काय केले हे अशा ओळीतून कळत नाही. इतरांच्या मानाने ती कोठे उभी आहे एवढेच कळते. ते स्थान टिकविणे तिच्या हाती नाही. पुढील वर्षी तिच्याहून खड्या आवाजाचा मुलगा शाळेत आला, तर तिचा अभिनय तसाच राहूनही ओळ मात्र खोटी ठरते. शिवाय पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर तीच ओळ इतर मुलांच्या आयाही वाचतात, याचा विसर पडतो.

स्तुतीचा मुलांवर होणारा परिणाम क्लॉडिया म्युलर व कॅरोल ड्वेक या अमेरिकन संशोधिकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तपासला. पाचवीच्या मुलांना आकृत्यांची कोडी देण्यात आली व तुम्ही ती चांगली सोडविलीत, असे सर्वांना सांगण्यात आले. त्यानंतर काहींच्या बुद्धीची, तर काहींच्या मेहनतीची वाखाणणी केली गेली. मग दिलेली कोडी मुद्दाम अवघड होती आणि त्यांत सर्वांनाच अपयश आले. तिसऱ्या खेपेस पुन्हा पहिल्यासारखीच कोडी दिली, तेव्हा मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेल्यांची कामगिरी सुधारली, तर बुद्धीची स्तुती झालेल्यांची पूर्वीहून खालावली. आपले गुण दुसऱ्या शाळेतील अनोळखी मुलास लिहून कळविताना या दुसऱ्या गटातील सुमारे ३८ टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. मेहनतीचे कौतुक झालेल्यांत हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. हा प्रयोग कोड्यांचा होता, रंगमंचाचा नव्हे, आणि या विचारावर आधारलेल्या शालेय उपक्रमांचा परिणाम पुढील काळातील एकत्रित अभ्यासांत सरासरीने अल्पच दिसला. म्हणून एका ओळीने मूल बदलेल असे कोणी मानू नये. अपयशाच्या वेळी मुलाच्या हाती काय उरते, एवढे मात्र या प्रयोगावरून ध्यानात येते.

प्रत्यक्ष ओळ कशी लिहावी हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, चौथीतील एका मुलीने एकनाथांचे विंचवाचे भारूड सादर केले. ‘शाळेतील सर्वात गुणी कलाकार’ ही पहिली ओळ वरील कारणाने बाद होते. शिक्षक ती खोडून लिहितो, ‘भारुडासाठी हिने अपार परिश्रम घेतले.’ येथे तुलना गेली व प्रयत्नही आला. तरी ओळ निर्जीवच राहिली, कारण ती लेझीम खेळणाऱ्या मुलाखालीही जशीच्या तशी चालेल. कोणते परिश्रम, हे त्या मुलीलाही त्यातून उमगत नाही. आता तालमीत काय घडले ते आठवावे. आरंभी ती घाईने बोले व चरणाचे शेवटचे शब्द गिळी. टाळाच्या ठोक्याबरोबर थांबण्याचा सराव तिने पंधरा दिवस केला. हे ध्यानी घेता ओळ अशी होते: ‘विंचवाचे भारूड. टाळाच्या ठोक्यावर थांबून बोलण्याचा सराव हिने पंधरा दिवस केला. आज पटांगणातील शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक शब्द ऐकू आला.’ कृती, तीमागचा सराव आणि त्याचे दिसलेले फळ या तिन्ही गोष्टी येथे आल्या. ती शब्द गिळत असे, हे लिहिण्याची गरज पडली नाही. आईला फडावर ही ओळ कोणी वाचून दाखविली, तर तिला मुलीची पंधरा दिवसांची धडपड डोळ्यांपुढे आणता येईल.

तुलना काही वेळा आडवाटेनेही शिरते. ‘आईवडील ऊसतोडीला असूनही किती सुंदर नाचली!’ ही ओळ अनेकांना सहृदय वाटते. परंतु ‘असूनही’ या एका शब्दाने त्या मुलीकडून कमीच अपेक्षा होती हे उघड होते, आणि घरची परिस्थिती फलकावर टांगली जाते ती वेगळीच. ‘मुलगी असून’ किंवा ‘पाय अधू असतानाही’ हेही त्याच जातीचे. ‘मोठ्या भावाच्या पावलावर पाऊल’ यात तर भावाचीच स्तुती अधिक होते.

प्रयत्नाची स्तुती खोटी असू नये, हेही पाहिले पाहिजे. दोन दिवसांत पाठ करणाऱ्या मुलाखाली ‘अहोरात्र मेहनत’ असे लिहिले, तर ते त्याला स्वतःलाच ठाऊक असते. अशा वेळी त्याने केलेली दुसरी खरी गोष्ट लिहावी. कदाचित शेजारच्या मुलाची वाक्ये त्यानेच पाठ करवून घेतली असतील. एखादे मूल रंगमंचावर अडखळून थांबते. त्याच्या छायाचित्राखाली ‘प्रयत्न चांगला होता’ हे शब्द सांत्वनासारखे वाचले जातात, व सांत्वन म्हणजे अपयशाची जाहीर कबुलीच. तेथे ‘मधला चरण आठवेपर्यंत थांबला आणि तेथूनच पुढे म्हणून पोवाडा पुरा केला’ असे, घडले असेल तरच, साधेपणाने लिहावे.

ही माहिती संमेलनाच्या रात्री आठवत नाही. ती तालमीतच टिपावी लागते. चाळीस मुलांचा वर्ग व वीस दिवसांच्या तालमी असल्यास रोज दोन मुलांविषयी एकेक वाक्य लिहिले की कोणीही सुटत नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातील वर्णनात्मक नोंदींचा सराव शिक्षकांना आहेच; मात्र ‘चांगला सहभाग घेतो’ अशी साच्यातील नोंद येथे निरुपयोगी आहे. पडदा ओढणारा, सतरंज्या घालणारा, लेझीम मोजून ठेवणारा यांचीही छायाचित्रे घ्यावीत. त्यांच्याविषयी लिहिणे उलट सोपे जाते, कारण त्यांचे काम डोळ्यांना दिसणारे असते.

फलकावर लावण्यापूर्वी ओळ त्या मुलाला वाचून दाखवावी. पुष्कळदा मूल ती दुरुस्त करते: सराव शाळेत नव्हे, गोठ्यात म्हशीपुढे केला होता, असे सांगते. मग तेच लिहावे.