कुंपणावरून भिंतीला टेकणारी सर्वांत लहान शिडी

आठ फूट उंच कुंपण आहे. त्याच्या आत चार फुटांवर घराची उंच भिंत. शिडीचा पाय कुंपणाबाहेर जमिनीवर, मधला भाग कुंपणाच्या माथ्यावर आणि वरचं टोक भिंतीला टेकलेलं. अशी सर्वांत लहान शिडी किती फुटांची?

पाय कुंपणापासून दोन फुटांवर ठेवला, तर शिडी जवळजवळ उभी राहते. कुंपणापर्यंत ती सव्वाआठ फूटच लागते, पण तिथून पुढे उरलेलं चार फुटांचं अंतर तिरकं ओलांडताना आणखी साडेसोळा फूट जातात. एकूण २४.७४ फूट. पाय बारा फुटांवर नेला, तर आतला भाग पाच फुटांहून कमी होतो, पण बाहेरचा चौदा फुटांच्या वर जातो आणि शिडी १९.२३ फुटांची होते. म्हणजे एक भाग वाढतो तेव्हा दुसरा घटतो. त्यामुळे सर्वांत लहान शिडीची जागा मध्येच कुठेतरी असणार.

ती जागा कलनशास्त्राने नेमकी सापडते. पायाचं कुंपणापासूनचं अंतर क्ष मानू. समरूप त्रिकोण आणि पायथागोरसचं प्रमेय वापरलं की शिडीची लांबी मिळते:

लांबी = (क्ष + ४) × √(क्ष² + ६४) ÷ क्ष

पाय थोडा मागे सरकवल्यावर लांबी किती वेगाने बदलते, ते विकलज सांगतो. सर्वांत लहान लांबीपाशी तिचं घटणं थांबलेलं असतं आणि वाढणं सुरू झालेलं नसतं, म्हणून तिथे विकलज शून्य असतो. तो शून्य धरून सोडवलं की उरतं ते असं:

४(क्ष² + ६४) = क्ष²(क्ष + ४)

दोन्हीकडचे ४क्ष² कटतात आणि क्ष³ = २५६ एवढंच राहतं. मूळ समीकरणातली सगळी गुंतागुंत एका घनमुळावर येऊन थांबते, आणि या गणितातली मला सर्वांत आवडणारी जागा हीच. क्ष म्हणजे सुमारे ६.३५ फूट. शिडीची लांबी १६.६५ फूट आणि तिचं टोक भिंतीवर तेरा फुटांवर.

आता पाय ६.३५ ऐवजी सरळ सहा फुटांवर ठेवून पाहा. लांबी १६.६७ फूट येते. पाय चार इंचांहून जास्त चुकला, तरी शिडी जेमतेम पाव इंचाने वाढली! विकलज शून्य असलेल्या जागी आलेख जवळजवळ सपाट असतो, त्याचा हा परिणाम. हाताने मोजून करून पाहणाऱ्याला हा नेमका बिंदू सापडत नाही तो याचमुळे. आजूबाजूच्या सगळ्या लांबी त्याला सारख्याच वाटतात.

प्रत्यक्ष चढायचं असेल, तर मात्र ही शिडी घेऊ नये. तिचा जमिनीशी कोन साधारण ५२ अंशांचा होतो आणि एवढ्या आडव्या शिडीचा पाय सहज घसरतो. चार फूट उंचीमागे पाय एक फूट बाहेर, म्हणजे सुमारे ७५ अंश, असा सुरक्षिततेचा प्रचलित नियम आहे. आपल्या कुंपणाला तो लावला, तर पाय दोनच फुटांवर येतो आणि जवळजवळ पंचवीस फुटांची शिडी आणावी लागते.