दारात दिसणारा सूर्य

चित्र तयार करणाऱ्या एआय साधनाला ‘सूर्यास्ताच्या वेळी मरीन ड्राइव्हवरून धावणारी गडद निळी सेडान’ एवढंच सांगितलं, तरी ते चित्र काढून देतं आणि पहिल्या नजरेत ते देखणंही वाटतं. पण गाड्यांचे फोटो काढण्यात मुरलेल्या माणसाला त्यात लगेच खोट दिसते. सूर्य गाडीच्या मागे समुद्रावर टेकलेला असतो आणि तरीही गाडीची आपल्याकडची बाजू सोनेरी उजळलेली असते. रस्ता मागे पळत असतो, पण चाकांचे आरे जागच्या जागी थांबलेले असतात. दारावर चकाकी असते, पण ती कशाची आहे हे काही केल्या कळत नाही.

या तिन्ही चुकांचं मूळ एकच आहे. आपण प्रॉम्प्टमध्ये वस्तूंची नावं दिली, त्यांच्या जागा दिल्या नाहीत. हे साधन प्रकाशाचा हिशोब करत नाही. ज्या असंख्य फोटोंवरून ते शिकलं, त्यांत ‘सूर्यास्त’ या शब्दासोबत बहुतेक वेळा जे दिसतं, ते आणून ठेवतं. चौकटीत सूर्य आणि सगळीकडे नारिंगी झाक, हे त्यातलं सर्वात नेहमीचं. खऱ्या छायाचित्रकाराला मात्र शटर दाबण्याआधी ठरवावंच लागतं, की कॅमेरा कुठे, सूर्य कोणत्या बाजूला आणि गाडी कुठे तोंड करून आहे. चांगला प्रॉम्प्ट म्हणजे हेच निर्णय शब्दांत मांडणं.

हीच मरीन ड्राइव्हची सेडान घेऊ. जानेवारीची संध्याकाळ, गाडी नरिमन पॉइंटकडून चौपाटीकडे निघालेली. म्हणजे समुद्र तिच्या डाव्या हाताला आणि मावळतीचा सूर्यही डावीकडेच, किंचित मागे. इथे एक निवड करावीच लागते. कॅमेरा इमारतींच्या बाजूला ठेवला, तर सूर्य आणि समुद्र चौकटीत येतील, पण गाडीची समोर दिसणारी बाजू सावलीत जाईल आणि छताच्या कडेला फक्त उजेडाची बारीक रेघ उरेल. कॅमेरा समुद्राच्या बाजूला ठेवला, तर दारं उजळतील, मागे आर्ट डेको इमारती येतील आणि सूर्य चौकटीबाहेर राहील. दोन्ही एकाच फोटोत मागणं म्हणजे साधनाला खोटं चित्र काढायला सांगणं. आपण दुसरा पर्याय घेऊ, कारण रंगाची सगळी गंमत तिथेच आहे.

गाडीच्या रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो, ज्याला गॅरेजमध्ये क्लिअर कोट म्हणतात. समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के प्रकाश हा थर परत फेकतो, पण तिरक्या नजरेने पाहिलं की हे प्रमाण झपाट्याने वाढतं. गडद गाडीवर प्रतिबिंब ठळक दिसतं ते यामुळेच: खालचा रंग स्वतः फार उजेड देत नाही, त्यामुळे वरचं प्रतिबिंब उठून येतं. पांढऱ्या गाडीवर तेच प्रतिबिंब धुऊन निघाल्यासारखं वाटतं. शिवाय क्लिअर कोट परत फेकतो तो प्रकाशाचा रंग, गाडीचा नव्हे. सूर्याच्या नारिंगी उजेडात निळा रंग जवळजवळ काळपट होतो आणि त्यावर नारिंगी पट्टा उमटतो. सूर्यास्तात निळी गाडी दुपारसारखी लख्ख निळी दिसली, तर चित्र फसलं असं समजावं.

म्हणून प्रॉम्प्टमध्ये नुसतं ‘चकचकीत’ लिहून भागत नाही. गाडीच्या कोणत्या भागाला काय दिसतं, ते लिहावं. बॉनेट आणि छपराला आकाश दिसतं. दाराच्या मध्यावर, जिथे पत्र्याला धार असते, तिथे क्षितिज येतं. त्याखाली पत्रा आत वळतो आणि त्याला रस्ता दिसतो. आपल्या चित्रात हे असं लिहिता येईल: ‘डाव्या दारांवर समुद्राच्या क्षितिजाची एकच सलग रेघ, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत न तुटणारी, तिच्या वर नारिंगी आकाश, खाली काळसर रस्ता, सूर्य फक्त दारातल्या प्रतिबिंबात, छोट्या झगझगीत ठिपक्यासारखा.’ दोन दारांमधल्या फटीपाशी ही रेघ वरखाली सरकली असेल, तर पत्रा ठोकलेला असल्याचा भास होतो. चित्र मोठं करून पहिली तपासणी तिथेच करावी.

आता वेग. रोलिंग शॉट म्हणजे शेजारून त्याच वेगाने जाणाऱ्या दुसऱ्या गाडीतून काढलेला फोटो. दोन्ही गाड्या ताशी ६० किलोमीटरने चालल्या आणि शटर सेकंदाचा साठावा भाग उघडं राहिलं, तर तेवढ्यात रस्ता सुमारे २८ सेंटीमीटर मागे जातो आणि चाक साधारण ५० अंश फिरतं. पाच आऱ्यांच्या चाकात दोन आऱ्यांमध्ये ७२ अंशांचं अंतर असतं, म्हणजे आरे पसरतात पण ओळखू येतात. शटर दुप्पट वेळ उघडं ठेवलं की ते एकमेकांत मिसळून चकती होते. प्रॉम्प्टमध्ये ‘शटर १/६०’ लिहिल्याने साधन हे गणित करत नाही, तसे आकडे ज्या फोटोंबरोबर येतात त्यांच्याकडे ते फक्त झुकतं. म्हणून परिणामही शब्दांत सांगावा: ‘गाडीची बॉडी पूर्ण रेखीव, चाकाचा मध्य स्पष्ट, कडेकडे आरे गोलाकार पसरलेले, जवळचा रस्ता गाडीच्या दिशेत लांब रेघांत ओढलेला, लांबच्या इमारती कमी धूसर.’

शेवटचं वाक्य गाळू नये. जवळची वस्तू नजरेसमोरून भर्रकन जाते, लांबची सावकाश, त्यामुळे सगळीकडे सारखीच धूसरता असली की गाडी उभी करून मागचं दृश्य संगणकावर फासल्यासारखं वाटतं. आणि सर्वात जास्त सुटणारी गोष्ट दारावर असते. धावत्या गाडीत बॉडी रेखीव राहते, पण तिच्यातलं प्रतिबिंब राहत नाही. दाराच्या खालच्या भागात दिसणारा रस्ता आणि कठडा हेही आडवे ओढले गेले पाहिजेत. क्षितिज आणि आकाश मात्र लांब असल्याने स्वच्छ राहतं. चित्रात कठड्याचा एकेक दगड दारात मोजता येत असेल, तर गाडी उभी आहे, मग रस्ता कितीही पळो.

उजेडासाठी ‘गोल्डन अवर’ एवढंच लिहिलं, तर अख्ख्या चित्रावर पिवळा थर चढतो. खालच्या सूर्याची ओळख दोन रंगांत असते: उन्हाची बाजू ऊबदार आणि सावलीची निळसर, कारण सावलीला वरच्या आकाशाचा उजेड मिळतो. आपल्या गाडीत सूर्य डावीकडून किंचित मागून येतो, म्हणजे डावी दारं नारिंगी आणि समोरची जाळी थंड निळसर, असं स्पष्ट लिहावं. सावलीही सांगावी. सूर्य क्षितिजावर ५ अंश असताना दीड मीटर उंच गाडीची सावली सुमारे १७ मीटर पडते, तीही उजवीकडे आणि थोडी पुढे. गाडीखाली नुसता काळा डाग दिसला, तर ती दुपार आहे.

एवढं लिहूनही चाकं थांबलेली आली, तर अख्खा प्रॉम्प्ट बदलू नये. बहुतेक साधनांत चित्राचा एखादाच भाग निवडून पुन्हा काढता येतो. चाकं निवडून तेवढंच वाक्य द्यावं. ‘आरे स्थिर नकोत’ असं लिहिण्यापेक्षा ‘आरे गोलाकार पसरलेले’ असं लिहावं, कारण नकारातला शब्दही साधन अनेकदा चित्रात आणून ठेवतं. नंबर प्लेट आणि कंपनीचं चिन्ह बहुधा बिघडतंच, ते नंतर हाताने दुरुस्त करावं लागतं. विकायच्या गाडीला मात्र हे चित्र वापरू नये. गिऱ्हाइकाला तिचे खरे ओरखडे दिसायला हवेत.

दारावरचा झगझगीत ठिपका नको असेल, तर सूर्य बुडाल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं मागावीत. तेव्हा पश्चिमेचं सगळं आकाशच दिवा होतं आणि कडक सावली नाहीशी होते. त्यासाठी दोनच जागी बदल पुरतो. सूर्याच्या वाक्याऐवजी ‘सूर्य मावळलेला, पश्चिमेला नारिंगीतून निळ्यात विरघळणारं आकाश’ लिहायचं, आणि लांब सावलीच्या जागी ‘गाडीखाली मऊ, अस्पष्ट सावली’.