वजा सहा कुठून आला?

जास्तीत जास्त दुसऱ्या कोटीची बहुपदी म्हणजे a + bx + cx². दहावीच्या वर्गसमीकरणाची डावी बाजूच ती, फक्त इथे c शून्य असला तरी चालतो. आता अशा प्रत्येक बहुपदीवर एक ठरावीक प्रक्रिया करायची, तिला T म्हणू:

T(p) = (1 − x²)p″ − 2xp′

p′ म्हणजे पहिला डेरिव्हेटिव्ह आणि p″ म्हणजे दुसरा. x² ने गुणल्यावर कोटी दोनाने वाढते खरी, पण दुसऱ्या डेरिव्हेटिव्हने ती आधीच दोनाने उतरलेली असते. त्यामुळे उत्तर पुन्हा दुसऱ्या कोटीच्या आतच राहते. शिवाय दोन बहुपदींची आधी बेरीज करून T लावा, नाहीतर आधी T लावून मग बेरीज करा, उत्तर एकच येते. एखाद्या संख्येने गुणण्याचेही तसेच. अशा प्रक्रियेला रेषीय ऑपरेटर म्हणतात.

बहुतेक बहुपदींचा चेहरामोहरा T लावल्यावर बदलून जातो. काही मोजक्या मात्र जशाच्या तशा राहतात, फक्त कुठल्यातरी संख्येने गुणल्या जातात. ती संख्या म्हणजे आयगेनव्हॅल्यू. (शून्य बहुपदी यात धरत नाहीत, ती कुठल्याही संख्येने गुणली तरी शून्यच.)

अशा बहुपदी अंदाजाने शोधत बसण्यात अर्थ नाही. 1, x आणि x² या तिघांपासून बाकी सगळ्या बहुपदी बनतात, म्हणून हा आपला बेसिस. या तिघांचे T ने काय होते ते कळले की सगळेच कळले. T(1) = 0, T(x) = −2x आणि T(x²) = 2(1 − x²) − 4x² = 2 − 6x². प्रत्येक उत्तराचे सहगुणक एकेका उभ्या स्तंभात मांडायचे:

```
0   0   2
0  -2   0
0   0  -6
```

मुख्य कर्णाच्या खाली सगळी शून्ये आहेत. मॅट्रिक्स अशी त्रिकोणी असली की आयगेनव्हॅल्यू थेट कर्णावरून वाचता येतात: 0, −2 आणि −6. पहिल्या दोन अनुक्रमे 1 आणि x यांच्या. −6 ची बहुपदी x² नाही, कारण T(x²) मध्ये तो जादा 2 आहे. तिच्यासाठी पहिल्या ओळीवरून 2c = −6a आणि दुसरीवरून b = 0 मिळते. a = −1 घेतला की c = 3, म्हणजे बहुपदी 3x² − 1. पडताळून पाहा: T(3x² − 1) = 6 − 18x², म्हणजे बरोबर −6 पट.

ही बहुपदी काही पाठ्यपुस्तकासाठी घडवलेली नाही. फ्रेंच गणिती लजांद्र यांना १७८० च्या दशकात गोलाभ वस्तूंच्या गुरुत्वाकर्षणाचा हिशेब करताना या कुळातल्या बहुपदी लागल्या. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्यामुळे तिच्या गुरुत्वाकर्षणात जी सर्वांत मोठी दुरुस्ती करावी लागते, ती आजही 3x² − 1 वापरूनच लिहितात. X च्या जागी अक्षांशाचा साइन येतो. उपग्रहाच्या कक्षेचे प्रतल हळूहळू फिरते ते मुख्यतः याच दुरुस्तीमुळे.

आता बेसिस बदलून पाहू. 1 + x, 1 − x आणि x² हे तिघेही तितकेच चालतात. T(1 + x) = −2x, आणि नव्या बेसिसमध्ये ते −(1 + x) + (1 − x) असे लिहावे लागते. बाकीच्या दोघांचेही असेच करून मॅट्रिक्स येते ती अशी:

```
-1   1   1
 1  -1   1
 0   0  -6
```

कर्णावर −1, −1, −6 दिसतात, आणि घाईतला विद्यार्थी नेमका इथे फसतो. मॅट्रिक्स त्रिकोणी नाही, त्यामुळे कर्ण वाचून भागत नाही. कर्णावरच्या प्रत्येक संख्येतून λ वजा करून निश्चयक काढावा लागतो. तो येतो ((1 + λ)² − 1)(−6 − λ), म्हणजेच λ(λ + 2)(−6 − λ). तो शून्य केला की पुन्हा तेच तिघे: 0, −2, −6. मॅट्रिक्स आपण निवडलेल्या बेसिसची असते, आयगेनव्हॅल्यू मात्र T च्या स्वतःच्या. बेरीजही ताडून पाहावी: दोन्ही मॅट्रिक्समध्ये कर्णाची बेरीज −8 आहे. ती जुळली नाही तर मांडणीत नक्की चूक. जुळली तरी सगळे बरोबर असेलच असे मात्र नाही.

त्याहून लबाड चूक म्हणजे सहगुणक स्तंभाऐवजी आडव्या ओळीत लिहिणे. आयगेनव्हॅल्यू तरीही बरोबर येतात, त्यामुळे शंका येत नाही. पहिल्या बेसिसमध्ये असे केले तर 0 ची बहुपदी म्हणून 3 + x² हाती लागते. T(3 + x²) करून पाहा: उत्तर 2 − 6x² येते, शून्य नव्हे. म्हणून बहुपदी सापडली की ती मूळ T मध्ये घालून पाहायची. मॅट्रिक्समध्ये घालून उपयोग नाही, कारण चूक तिथेच असते.